कर्णधारपद सोडणारे, पण संघ न सोडणारे पत्र

प्रश्न : मी आमच्या क्लबच्या पहिल्या क्रिकेट संघाचा तीन हंगाम कर्णधार आहे आणि तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी करतो. कर्णधार म्हणून पहिल्या दोन हंगामांत माझी सरासरी 34 आणि 36 होती. या हंगामात 11 डावांत 143 धावा झाल्या आहेत, एकदाही नाबाद नाही. कर्णधारपद सोडायचे आणि खेळाडू म्हणून राहायचे, हे ठरले आहे. पण पत्र जमत नाही. मसुदा तीनदा फाडला. आत्ताचा असा आहे : ‘कर्णधारपदाच्या ओझ्यामुळे माझ्या फलंदाजीवर परिणाम झाला आहे. तरी मला या जबाबदारीतून मुक्त करावे, ही विनंती. संघातील माझे स्थान कायम ठेवल्यास मी पूर्वीप्रमाणेच योगदान देईन. माझ्या मते उपकर्णधारच पुढील कर्णधार म्हणून योग्य आहे.’ पाच सामने बाकी आहेत. पत्र कसे लिहावे?

उत्तर : मी स्वतः पाच हंगाम कर्णधार होतो आणि त्यानंतर बरीच वर्षे निवड समितीवर बसलो, त्यामुळे असे पत्र एकदा लिहिलेही आहे आणि समितीत बसून अनेकदा वाचलेही आहे. तुमच्या मसुद्याची भाषा वाईट नाही. तो पुन्हापुन्हा फाडावासा वाटतो, कारण त्यात चार वेगवेगळे निर्णय एकमेकांत गुंतले आहेत. कर्णधारपद सोडणे हा निर्णय तुमचा आहे. खेळाडू म्हणून उपलब्ध राहणे हेही तुमच्याच हातात आहे. अकरा जणांत तुम्हाला घ्यायचे की नाही, हे मात्र समितीने ठरवायचे आहे, आणि पुढचा कर्णधार कोण हेही तिनेच. पहिल्या दोन गोष्टी पत्रात ठामपणे याव्यात आणि उरलेल्यांना पत्राने हातही लावू नये. एवढी गाठ सुटली की शब्द फारसे अडत नाहीत.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. तुमच्याकडे कर्णधार समिती नेमते की खेळाडू निवडतात, संघ जिंकत असताना तुमच्या एकट्याच्या धावा आटल्या आहेत की संघही हरतो आहे, उपकर्णधार खरोखर तयार आहे की नावापुरता आहे, यांवरून पत्राची वेळ बदलेल. मजकूर फारसा बदलणार नाही. म्हणून तुमची चारही वाक्ये एकेक करून पाहू, कारण प्रत्येकाची अडचण निराळी आहे.

पहिले वाक्य कारणाचे आहे आणि सर्वांत धोक्याचेही तेच आहे. ‘कर्णधारपदाच्या ओझ्यामुळे फलंदाजीवर परिणाम झाला’ असे तुम्ही लिहिता. पण हेच ओझे खांद्यावर असताना तुम्ही आधीचे दोन हंगाम 34 आणि 36 च्या सरासरीने खेळला आहात. या हंगामात 143 भागिले 11, म्हणजे सरासरी 13. समितीत स्कोअरबुक उघडणारा एक तरी सदस्य असतोच. तो विचारेल की दोन वर्षे जे ओझे जाणवले नाही, ते तिसऱ्या वर्षी अचानक कसे जड झाले. तुमच्याकडे उत्तर असेलही, पण पत्राने वादाला तोंड फोडले, एवढे खरे. शिवाय या वाक्यात एक न बोललेले आश्वासन दडलेले आहे : ओझे उतरले की धावा होतील. पुढच्या दोन डावांत त्या झाल्या नाहीत, तर तुमच्याच पत्राने तुम्हाला खोटे पाडलेले असेल.

इथे लोक इयान बोथमचे उदाहरण हमखास देतात. 1981 साली लॉर्ड्सच्या कसोटीत दोन्ही डावांत शून्यावर बाद झाल्यावर त्यांनी इंग्लंडचे कर्णधारपद सोडले आणि लगेच पुढच्या, हेडिंग्लेच्या कसोटीत माइक ब्रिअर्ली यांच्या नेतृत्वाखाली नाबाद 149 धावा केल्या. गोष्ट खरी आहे. पण तिच्याशेजारी किम ह्यूज यांचीही ठेवावी. नोव्हेंबर 1984 मध्ये ब्रिस्बेनला वेस्ट इंडिजविरुद्ध हरल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद सोडल्याचे निवेदन पत्रकारांसमोर वाचायला घेतले, ते अश्रूंमुळे पुरे वाचता आले नाही. पंधरवड्याच्या आत ते पुढची कसोटी खेळाडू म्हणून खेळत होते. त्या कसोटीत आणि तिच्या पुढच्या कसोटीत मिळून त्यांचे चार डाव 0, 2, 0 आणि 0 असे झाले आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. पद सोडणे हा फॉर्मवरचा उपचार आहे, असे गृहीत धरून पत्र लिहू नये, एवढ्यासाठी या दोन्ही गोष्टी सांगितल्या.

मग खरे कारण काय लिहावे? त्यासाठी लिहायला बसण्यापूर्वी एक संध्याकाळ स्कोअरबुकाला द्या. अकराही डाव कागदावर उतरवा : किती चेंडू खेळून बाद झालात, कसे बाद झालात, आणि तुम्ही आधी क्षेत्ररक्षण केले होते की आधी फलंदाजी. पहिल्या दहा-पंधरा चेंडूंतच पायचीत किंवा त्रिफळाचीत होण्याचे प्रमाण मोठे असेल, तर दोष बहुधा पायांच्या हालचालीत किंवा डोक्याच्या स्थितीत आहे आणि कर्णधारपदाशी त्याचा थेट संबंध नाही. पंचवीस-तीस चेंडू नीट खेळून मग सैल फटक्यावर झेल देत असाल, तर एकाग्रता तुटते आहे आणि तिथे पदाचा वाटा असू शकतो. पूर्ण डाव क्षेत्ररक्षण करून, प्रत्येक षटकाला गोलंदाज आणि क्षेत्ररचना यांचा हिशोब ठेवून, मग तिसऱ्या क्रमांकावर उतरलेल्या डावांतच धावा आटल्या असतील, तर संबंध आणखी स्पष्ट होतो. अकरा डाव फार नाहीत, त्यांतून निर्विवाद निष्कर्ष निघत नाही. पण पत्रात काय लिहू नये, हे कळण्यापुरते ते पुरेसे आहेत.

माझ्या स्वतःच्या बाबतीत ही तपासणी मी केली नाही. पदामुळेच धावा होत नाहीत, असे मानून मी पद सोडले. पुढच्या हंगामातही तसाच बाद होत राहिलो. मग एका जुन्या गोलंदाजाने नेटमध्ये दाखवून दिले की माझा पुढचा पाय आडवा पडतो आणि आत येणारा चेंडू सरळ पॅडवर आदळतो. दोष दीड हंगाम जुना होता. मात्र कर्णधार असताना तो मला दिसणे अवघड होते, हेही तितकेच खरे. सरावाच्या वेळी मी गोलंदाजांच्या नेटमागे उभा असायचो, कोण तंदुरुस्त आहे ते पाहायचो, संघ ठरवायचो, आणि शेवटी उजेड कमी झाल्यावर दहा मिनिटे घाईघाईने बॅट फिरवायचो. म्हणजे पदाने माझी फलंदाजी बिघडवली नव्हती, पण ती दुरुस्त करायला लागणारा वेळ पदाने घेतला होता. तुमच्या आकड्यांवरूनही बहुधा असेच काहीतरी निघेल. आणि हे कारण पत्रात लिहिता येते, कारण ते खरे आहे आणि त्यात कसलेही आश्वासन नाही.

याच्याजोडीला आणखी एक कारण असते. ते कर्णधार सहसा लिहीत नाहीत, समितीला मात्र तेच सर्वांत जास्त पटते. धावा न करणाऱ्या कर्णधाराच्या जागेची चर्चाच होऊ शकत नाही. समितीत बाकी दहा नावांवर बोलणे होते आणि अकरावे नाव आधीच लिहिलेले असते. बैठकीत कर्णधार स्वतः बसलेला असेल, तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते. शिवाय बाहेर बसलेल्या एखाद्या फलंदाजाला तुम्ही ‘धावा कर, मग जागा मिळेल’ असे सांगता, तेव्हा तो तोंडाने काही बोलत नाही एवढेच. पद सोडल्याने समितीचा हा संकोच संपतो आणि तुमच्या नावाचीही इतरांसारखीच चर्चा होऊ शकते. हे तुम्ही स्वतःहून लिहिलेत, तर पळपुटेपणाचा आरोप उरत नाही. पळणारा माणूस स्वतःची जागा चर्चेसाठी खुली करत नाही.

दुसरे वाक्य : ‘मला या जबाबदारीतून मुक्त करावे, ही विनंती’. मराठी पत्रलेखनाच्या सवयीने हे आपोआप लिहिले जाते आणि नम्रही वाटते. पण विनंती मान्य करता येते, तशी नाकारताही येते किंवा नुसती पडूनही राहते. मी नेमके असेच लिहिले होते. आमच्या समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी होती. दरम्यान दोन सामने झाले आणि त्या दोन्ही सामन्यांत नाणेफेकीला कोणी जायचे, हे सकाळपर्यंत कोणालाच माहीत नव्हते. गोलंदाज बदल मागायला माझ्याकडे येत, मी उपकर्णधाराकडे बोट दाखवत असे आणि तो बिचारा माझ्याकडे पाही. दुसऱ्या सामन्यात एका गोलंदाजाला आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या टोकांना बोलावले होते. म्हणून विनंती लिहू नका, निर्णय लिहा : ‘मी अमुक तारखेपासून कर्णधारपद सोडत आहे.’ तारखेबद्दल समितीशी जुळवून घ्यायची तयारी दाखवता येते, निर्णयाबद्दल दाखवू नये. ‘सोडू इच्छितो’, ‘सोडावे असे वाटते’ हीही शब्दयोजना टाळा, कारण ती वाचणाऱ्याला तुमची मनधरणी अपेक्षित आहे असे वाटते, आणि कोणी ती केली नाही तर तुम्हाला वाईट वाटेल, असेही.

‘राजीनामा’ हा शब्द वापरायला हरकत नाही, पण तो एकटा सोडू नये. ‘मी राजीनामा देत आहे’ एवढेच वाचून एका सचिवांनी त्या खेळाडूचे नाव पुढच्या हंगामाच्या नोंदणीतूनच वगळलेले मी पाहिले आहे. ‘कर्णधारपदाचा राजीनामा’ असे पूर्ण लिहावे आणि त्याच परिच्छेदात खेळाडू म्हणून उपलब्ध असल्याचेही लिहावे. क्लब एकापेक्षा अधिक स्पर्धांत उतरत असेल आणि सगळीकडे तुम्हीच कर्णधार असाल, तर कोणकोणत्या स्पर्धांचे पद सोडता आहात तेही स्पष्ट करा. विराट कोहली यांनी सप्टेंबर 2021 मध्ये विश्वचषकानंतर फक्त ट्वेन्टी-20 संघाचे कर्णधारपद सोडत असल्याचे जाहीर केले होते, एकदिवसीय आणि कसोटीचे ठेवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकदिवसीय संघाचे नेतृत्वही रोहित शर्मांकडे दिले गेले, कारण मर्यादित षटकांच्या दोन्ही प्रकारांना एकच कर्णधार असावा, अशी निवडकर्त्यांची भूमिका होती. यात कोण बरोबर, हा आपला विषय नाही. अर्धे पद सोडले की उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न दुसरे लोक सोडवायला घेतात, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसऱ्या वाक्याकडे वळतो, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकला आहे. ‘संघातील माझे स्थान कायम ठेवल्यास मी योगदान देईन’ यातले ‘ठेवल्यास’ समितीला अटीसारखे ऐकू येते. तुम्हाला तसे म्हणायचे नसेल. पण वाचणारा असा अर्थ घेतो की हा माणूस पदाच्या बदल्यात जागा मागतो आहे. सरासरी 13 असताना ही मागणी टिकणारी नाही, आणि एखाद्या समितीने मानली तरी पत्राचा हेतूच विफल होतो, कारण ज्या जागेची चर्चा खुली व्हायला हवी होती ती पुन्हा बंद होते. तिसराच क्रमांक मिळावा, अमुक सामन्यांत संधी मिळावी, असेही लिहू नये. निवडीसाठी उपलब्ध आहे, समिती ठरवील त्या क्रमांकावर खेळेन आणि गरज पडल्यास दुसऱ्या संघातून खेळून धावा करायलाही तयार आहे, एवढेच लिहावे. शेवटचा भाग मनापासून तयार असाल तरच घाला. मी तो न घालता पत्र पाठवले होते आणि महिनाभराने दुसऱ्या संघात नाव लागले तेव्हा जितका नाराज झालो, तितका पद सोडतानाही झालो नव्हतो.

टिम साउदी यांचे अलीकडचे उदाहरण इथे बरोबर लागू पडते. 2024 मध्ये श्रीलंकेतील दोन्ही कसोटी हरल्यावर त्यांनी न्यूझीलंडचे कसोटी कर्णधारपद सोडले आणि खेळाडू म्हणून भारतात आले. टॉम लॅथम यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या कसोटीत त्यांनी रचिन रवींद्रबरोबर मोठी भागीदारी करताना 65 धावा केल्या, पुण्यातही ते खेळले, आणि मुंबईच्या तिसऱ्या कसोटीत, मालिका जिंकलेली असताना, त्यांना संघाबाहेर बसावे लागले. एका महिन्यात माजी कर्णधार, उपयुक्त खेळाडू आणि राखीव खेळाडू अशा तिन्ही भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. तुम्ही ज्या वाटेवर निघाला आहात, तिच्यावर हे घडू शकते आणि त्यात अपमान नाही. पाठवण्यापूर्वी पत्र एकदा याच कल्पनेने वाचा : दोन सामन्यांनंतर मला वगळले, तर या पत्रातले कोणते वाक्य मला टोचेल? ते वाक्य काढून टाका.

चौथ्या वाक्याबद्दल थोडक्यात. उपकर्णधाराचे नाव सुचवू नका. त्याची नेमणूक झाली तर ‘जुन्या कर्णधाराचा माणूस’ असा शिक्का त्याच्यावर बसतो, आणि झाली नाही तर ज्याची झाली त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते की तुमची पसंती दुसऱ्याला होती. आणि तुम्हाला त्याच्याच हाताखाली खेळायचे आहे. समितीने तोंडी विचारले, तर तोंडी सांगा.

आता हे सगळे लक्षात घेऊन तुमच्यासाठी केलेला मसुदा देतो. तुमच्या स्कोअरबुकातून वेगळे काही निघाले, तर दुसरा परिच्छेद त्याप्रमाणे बदला.

> प्रति,
> सचिव, क्रिकेट समिती
>
> विषय : पहिल्या संघाच्या कर्णधारपदाचा राजीनामा आणि खेळाडू म्हणून उपलब्धता
>
> महोदय,
>
> पहिल्या संघाच्या सर्व स्पर्धांतील कर्णधारपद मी येत्या सामन्यानंतर सोडत आहे. हा निर्णय मी पूर्ण विचारान्ती घेतला आहे. खेळाडू म्हणून मी या हंगामातील उर्वरित सर्व सामन्यांसाठी आणि पुढील हंगामासाठी उपलब्ध आहे.
>
> या हंगामात माझ्या फलंदाजीतून संघाला अपेक्षित धावा मिळालेल्या नाहीत. ती सुधारण्यासाठी सरावात जो वेळ द्यायला हवा, तो कर्णधारपदाची कामे नीट पार पाडून देणे मला शक्य होत नाही. तसेच संघातील प्रत्येक जागेचा विचार कामगिरीवरून मोकळेपणाने व्हावा आणि माझी जागा त्याला अपवाद असू नये, असे मला वाटते.
>
> निवड, फलंदाजीचा क्रमांक आणि संघातील माझी भूमिका याबाबत समितीचा व नव्या कर्णधाराचा निर्णय मला मान्य असेल. आवश्यकता वाटल्यास दुसऱ्या संघाकडून खेळण्याचीही माझी तयारी आहे.
>
> नव्या कर्णधाराची नेमणूक होताच संघासंबंधीची सर्व माहिती मी त्यांच्याकडे सोपवीन. पद सोडण्याची तारीख नेमणुकीच्या सोयीसाठी एका सामन्याने पुढे घ्यावी लागल्यास माझी हरकत नाही.
>
> तीन हंगाम ही जबाबदारी माझ्यावर सोपवल्याबद्दल समितीचा आणि सोबत खेळलेल्या सहकाऱ्यांचा मी आभारी आहे.
>
> आपला,

यात काय नाही, तेही पाहा. आकडे नाहीत, कारण ते समितीकडे आहेत आणि स्वतःच लिहिले की पत्र कबुलीजबाबासारखे वाचले जाते. जिंकलेल्या सामन्यांची यादी नाही. कोणाही खेळाडूचे, पंचांचे, खेळपट्टीचे नाव नाही. ‘जड अंतःकरणाने’ नाही. अंतःकरण जड असेलही, पण ते सचिवांच्या फाइलमध्ये ठेवण्याची गोष्ट नव्हे. आणि आभार शेवटी एकाच वाक्यात आहेत. लांबलेल्या आभारांचे पत्र निरोपाचे वाटू लागते आणि तुम्ही तर कुठेच जात नाही आहात.

सोपवण्याची माहिती पत्रात न घालता वेगळ्या कागदावर लिहा, आणि तो कागद फक्त नव्या कर्णधाराला द्या. कोणत्या गोलंदाजाचा खांदा किंवा गुडघा दुखतो आहे आणि तो सलग किती षटकांनंतर मंदावतो, स्लिपमध्ये कोणाला चेंडू नीट दिसत नाही, कोण कोणत्या सामन्याला येऊ शकणार नाही, अशा गोष्टी त्यात येतील. त्याहून महत्त्वाची असतात ती तुम्ही दिलेली वचने. एखाद्या नव्या मुलाला तुम्ही ‘शेवटच्या दोन सामन्यांत तुला नक्की खेळवतो’ असे सांगितलेले असते, एखाद्या अनुभवी खेळाडूला सलामीला पाठवायचे कबूल केलेले असते. नव्या कर्णधाराला ती वचने पाळायची सक्ती नाही, पण ती दिली गेली आहेत हे त्याला ठाऊक हवे. नाहीतर तुमचा शब्द मोडल्याचे खापर त्याच्या डोक्यावर फुटते. आणि त्या मुलाला पद सोडण्यापूर्वी तुम्ही स्वतः सांगा की मी शब्द दिला होता, आता तो निर्णय माझ्याकडे नाही.

वेळेबद्दल माझे मत असे की पाच सामने बाकी असताना थांबण्यापेक्षा आत्ता सोडणे तुमच्या बाबतीत बरे. एकच सामना उरला असता, तर मी हंगाम संपू द्या म्हटले असते. पाच सामन्यांत नव्या कर्णधाराला हात बसवता येतो आणि तुम्हालाही निव्वळ फलंदाज म्हणून चार-पाच डाव मिळू शकतात. संघ पदावनतीच्या काठावर असेल आणि उपकर्णधार कच्चा असेल, तर मात्र मी उलटा सल्ला देईन : निर्णय समितीला आत्ता कळवा, तारीख हंगामाच्या शेवटची ठेवा. दोन्ही बाबतींत हरलेल्या सामन्याच्या रात्री पत्र पाठवू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि तिसऱ्या दिवशीही तेच वाटत असेल, तर पाठवा.

कोणाला आधी कळते, याला फार महत्त्व आहे. प्रथम निवड समितीच्या प्रमुखांना प्रत्यक्ष भेटून सांगा. पत्र त्यांना अनपेक्षितपणे मिळू नये. या भेटीत तुम्हालाही एक गोष्ट कळू शकते, ती म्हणजे समिती स्वतःच बदलाचा विचार करत होती का. बोथम यांनी पद सोडले त्याच दिवशी निवडकर्त्यांकडूनही सांगितले गेले होते की नाहीतरी बदल होणारच होता. असे पत्र गेल्यावर कळले, तर मन खट्टू होते. आधी कळले, तर तारीख दोघांना मिळून ठरवता येते. त्याच दिवशी उपकर्णधाराशी बोला, पण ‘आता तूच’ असे म्हणू नका. त्यानंतर पत्र द्या आणि ते मिळाल्याची पोच लेखी घ्या. संघाला शेवटी, पण चोवीस तासांच्या आत आणि शक्यतो तुमच्याच तोंडून कळू द्या. खेळाडूंच्या ग्रुपवर समितीला दिलेले पत्र चिकटवू नका. तिथे चार वाक्ये पुरतात : पद सोडले आहे, खेळायला आहे, नवा कर्णधार समिती जाहीर करील, सरावाला भेटू. कारण कोणी विचारले, तर पत्रातलेच सांगा. समितीला एक आणि कट्ट्यावर दुसरे कारण सांगितलेले फार दिवस लपत नाही.

समितीने ‘हंगाम संपेपर्यंत तरी राहा’ असा आग्रह धरला, तर काय बोलायचे ते आधीच ठरवून जा. पत्रात एका सामन्याची सवलत दिलेली आहे, तेवढीच द्या. आग्रहाला बळी पडून तुम्ही राहिलात आणि पुढच्या डावात पुन्हा लवकर बाद झालात, तर तेच पत्र दुसऱ्यांदा द्यावे लागेल, आणि दुसऱ्या पत्राला वजन नसते.

पहिल्या सामन्याच्या सकाळी खेळपट्टीजवळ जाऊ नका. सवयीने पाय तिकडेच वळतील. नाणेफेकीच्या वेळी नेटमध्ये असा. खरे तर हा वेळ मिळावा म्हणूनच तर पद सोडले आहे. क्षेत्ररक्षणाला स्लिपमध्ये उभे राहत असाल, तर नव्या कर्णधाराला स्वतःहून विचारा की मी तिथे राहू की सीमारेषेकडे जाऊ. स्लिपमधून सगळे मैदान दिसते, गोलंदाज सवयीने तुमच्याकडेच पाहतात, आणि तुमचा हात नकळत कोणाला तरी दोन पावले डावीकडे सरकवतो. माझा हात असाच हलला होता. नव्या कर्णधाराने पाहिले, काही बोलला नाही, आणि पुढच्या षटकात मला थर्ड मॅनला पाठवले. तिथून मैदान वेगळेच दिसत होते आणि पहिल्यांदाच बराच वेळ मला स्वतःच्या फलंदाजीचा विचार करता आला.